उंबऱ्याबाहेरच्या चपला

चिपळूणला आमच्या मोहल्ल्यात जमातीच्या हॉलमागे एक खोली आहे. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, एक निळं दार आणि एक खिडकी. वर्षानुवर्षं तिथे लग्नाच्या खुर्च्या आणि सतरंज्या पडून असायच्या. दोन वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच बायकांनी मागे लागून ती खोली मुलींच्या अभ्यासिकेसाठी मिळवली. दुपारी २ ते साडेपाच, म्हणजे मगरिबच्या आधी मुली घरी. देखरेखीला निवृत्त झालेल्या एक बाई रोज बसतात. सगळं व्यवस्थित असूनही पहिल्या वर्षी पाच मुली आल्या आणि पावसाळा संपता संपता दोन उरल्या. यंदा जूनमध्ये कमिटीच्या चाचांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, "बेटी, जुलैअखेरपर्यंत दहा मुली रोज येऊ लागल्या तर ठीक. नाहीतर खुर्च्या परत तिथेच ठेवू."

गेल्या वर्षीचं पोस्टर मीच केलं होतं. माझं आणि माझ्या मिस्टरांचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानाचे बोर्ड असली कामं रोजची. त्या पोस्टरवर अकरा ओळी मजकूर होता, लाल-हिरवा चौकट, आणि खाली "सर्वांनी लाभ घ्यावा". ते कुणी वाचलं असेल असं मला आता वाटत नाही. म्हणून यंदा माझी भाची म्हणाली, "खाला, या वेळी चित्र टाकू. मोबाइलवर लिहून दिलं की चित्र तयार होऊन येतं." ती बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एआयनं चित्र करून देणारी ही साधनं तिच्या कॉलेजात सगळेच वापरतात. आपल्याला काय हवं ते शब्दांत लिहून द्यायचं. त्या लिहिण्याला ही मुलं प्रॉम्प्ट म्हणतात.

पहिल्या रात्री आम्ही जेवण झाल्यावर बसलो आणि साडेअकरापर्यंत अडतीस चित्रं काढली. तिनं पहिल्यांदा लिहिलं, "मुस्लिम मुलगी पुस्तक वाचते आहे, सुंदर पोस्टर." चित्र आलं ते खरोखर सुंदर होतं. पण त्यातली मुलगी आमच्या चिपळूणची नव्हती. काळ्या नकाबातले हिरवे डोळे, मागे घुमट, मिनार, वाळवंटातला संधिप्रकाश आणि आकाशात चंद्रकोर. मी म्हटलं, "अगं, इथे धो धो पाऊस पडतो आणि आपल्या मुली सलवार-कमीज घालून, ओढणी डोक्यावर घेऊन, हातात छत्री धरून येतात." तिनं लिहिलं, "घुमट नको." पुढच्या चित्रात दोन घुमट आले. मग तिनं जागा बदलली, कपडे बदलले, रंगवण्याची पद्धत बदलली, पुन्हा खिडकी घातली. एक चित्र आवडलं की त्यातला उजेड का आवडला ते सांगता येईना, कारण मागच्या चित्रापेक्षा त्यात चार गोष्टी वेगळ्या होत्या. शेवटी मोबाइल वर-खाली सरकवत आम्ही "हेही छान, तेही छान" म्हणत राहिलो आणि निवड काहीच न करता झोपलो.

दुकानात हा अनुभव मी रोज घेते. लग्नपत्रिकेचे तीस नमुने पुढे टाकले की मुलाकडचे लोक तासभर बसतात आणि "उद्या येतो" म्हणून उठतात. चार नमुने दाखवले, तेही एकमेकांपासून खरोखर वेगळे, तर पंधरा मिनिटांत ऑर्डर मिळते. नमुने दाखवणं आणि निवड करवून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. गिऱ्हाइकाच्या बाबतीत हे मला पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या पोस्टरच्या वेळी मात्र विसरले होते.

दुसऱ्या दिवशी मोबाइलला हात लावण्याआधी मी एका जुन्या बिलाच्या पाठीमागे दोन रकाने काढले. एका बाजूला लिहिलं "हे बदलायचं नाही" आणि दुसऱ्या बाजूला "एवढंच बदलायचं".

न बदलण्याच्या गोष्टी अशा. चित्र उभं, रुंदीच्या दीडपट उंच, कारण आमच्याकडे रंगीत छपाईचा कागद १२ बाय १८ इंचांचा असतो. वरच्या एक तृतीयांश भागात नुसती साधी भिंत, कारण तिथे अक्षरं बसवायची. सपाट रंगवलेलं चित्र, थोडे रंग, फोटोसारखं नाही. पावसाळी दुपारचा मऊ उजेड. आणि जागा आमचीच: लाल सच्छिद्र दगडाची भिंत, निळं लाकडी दार. "जांभ्याची भिंत" असं लिहून पाहिलं तेव्हा आम्हाला जांभळी भिंत मिळाली होती. म्हणून आपला शब्द टाकायचा आणि दिसायला कसं आहे ते लिहायचं, असं ठरवलं. "घुमट नको"चंही तेच. नको म्हटलेली वस्तू नावानं घेतली की पुष्कळदा ती चित्रात येऊन बसते. त्यापेक्षा तिथे काय हवं ते लिहावं. "वर फक्त कोरी भिंत" असं लिहिल्यावर घुमटाला जागाच उरली नाही.

अक्षरं त्या साधनाकडून काढून घ्यायची नाहीत हेही तेव्हाच ठरलं. आदल्या रात्री एका चित्रात "अभ्यासिका" लिहून मागितलं तर वेलांटी भलत्याच अक्षरावर आणि "भ्या" अर्धा होता. मराठी मजकूर मी नंतर माझ्या कॉम्प्युटरवर जुळवणार होते. आपल्या अक्षरांवर आपला ताबा हवा.

आता बदलायचं काय? इथे मी बराच वेळ अडले. भाची म्हणाली, "मुलीचे चार वेगवेगळे ड्रेस करू." पण ड्रेस बदलून आम्हाला कळणार काय होतं? मुली का येत नाहीत, याबद्दल आमच्यातच चार मतं होती. प्रत्येक मतातून एक चित्र निघतं, हे लक्षात आलं आणि काम सोपं झालं.

माझं मत होतं की मुलींना हौस वाटली पाहिजे. त्याचं चित्र: खिडकीपाशी वाचनात गुंगलेली मुलगी. माझ्या जाऊबाईंचं मत, निर्णय मुलगी घेत नाही, आई घेते. त्याचं चित्र: दारात उभ्या आई आणि मुलगी. भाचीचं मत, एकटीनं जायला नको वाटतं, मैत्रिणी आहेत हे कळलं तर मुली येतील. तिचं चित्र तिनंच सुचवलं: बंद दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला, माणूस एकही नाही. आणि देखरेख करणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुझी जागा राखून ठेवली आहे, असं सांगा." त्याचं चित्र: टेबल, उघडी वही आणि एक रिकामी खुर्ची.

अशी चार चित्रं म्हणजे चार अंदाज झाले. बाकीचं सगळं वाक्य अक्षरशः तेच ठेवून फक्त मधला तुकडा बदलायचा. भाचीनं मूळ वाक्य एका जागी साठवून ठेवलं आणि दर वेळी तेच चिकटवून मधल्या जागी नवं वर्णन भरलं. हाताने पुन्हा लिहिलं की नकळत एखादा शब्द सुटतो किंवा वाढतो, आणि मग फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही.

प्रत्येक कल्पनेची चार चित्रं काढायची, एकूण सोळा, असं ठरलं. भाचीला हे फुकटचं वाटलं. पण तेच शब्द दिले तरी चित्र दर वेळी वेगळं येतं. आमच्या आदल्या रात्रीच्या अडतीसमधलं एक चित्र फार देखणं होतं. त्याच वाक्यानं पुन्हा काढलं तर अगदी सामान्य आलं. ते पहिलं नशिबाचं होतं. एकच चित्र पाहून कल्पनेला पास किंवा नापास करणं म्हणजे एका आंब्यावरून अख्खी पेटी घेण्यासारखं आहे. चारपैकी तीन चित्रं नीट अर्थ सांगत असतील तर कल्पना धड आहे. चारपैकी एकच चांगलं असेल तर आपण नशिबाला भुलतो आहोत. काही साधनांत एक आकडा कायम ठेवून तो योगायोग आवरता येतो. आमच्या साधनात ती सोय नव्हती, म्हणून हा साधा मार्ग. आणि फुकटात दिवसाला ठरावीकच चित्रं मिळत होती. ही सोळा दोन संध्याकाळींत बसली.

निवड कशी करायची तेही चित्रं येण्याआधी लिहून ठेवलं. कारण चित्र एकदा डोळ्यांत भरलं की माणूस त्याच्या बाजूनं कारणं शोधायला लागतो. आमची कसोटी सुंदरतेची नव्हती. पोस्टर रस्त्यावरून, छत्रीखालून, चालता चालता दिसणार. म्हणून प्रत्येक कल्पनेतलं एक चित्र घ्यायचं, सर्वांत देखणं नव्हे तर त्या चारांत सरासरी वाटेल असं. त्यावर "मुलींसाठी" एवढा एकच शब्द टाकायचा, आणि मोबाइलवर न दाखवता कागदावर छापून दुकानातल्या भिंतीवर दहा फुटांवर धरायचं. तीन सेकंदांनी कागद उलटा. मग "कोणतं आवडलं?" असं विचारायचं नाही. विचारायचं, "हे कशाबद्दल आहे?" आणि "कुणासाठी आहे?" आवडीचा प्रश्न विचारला की लोक आपलं मन राखतात. मला तर तोंडावर कुणी वाईट म्हणणारच नाही. अर्थ विचारला की खरं बाहेर येतं.

दोन दिवसांत चौदा जणांना दाखवलं. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेले, एक रिक्षावाला, शाळेतल्या दोन बाई, आणि मुलींच्या सहा आया. त्या सहा जणींची उत्तरं मी वेगळ्या पानावर लिहिली, कारण पोस्टर खरं त्यांच्यासाठी होतं.

वाचणाऱ्या मुलीचं चित्र, माझं लाडकं, पाहून आठ जण म्हणाले, "क्लासची जाहिरात." एक आई म्हणाली, "फी किती?" चित्रात काही चूक नव्हती. चारही वेळा ते छानच आलं होतं. पण पुस्तक हातात घेतलेली हसरी मुलगी आपण इतक्या जाहिरातींत पाहिली आहे की तिच्याकडे पाहताच मनात फी येते. शिवाय चाचांनी आधीच सांगितलं होतं की चेहऱ्याचं चित्र मशिदीच्या दारातल्या फळ्यावर लावता येणार नाही. आणि पोस्टरसाठी ती सर्वांत मोक्याची जागा.

आई-मुलीच्या चित्राला उत्तरं आली: शाळेचा दाखला, पोलिओचा डोस, सरकारी योजना. आई मुलीला घेऊन कुठेतरी आली आहे एवढंच कळत होतं. रिकाम्या खुर्चीनं तर मला धक्का दिला. आम्हाला ती बोलावणारी वाटली होती. सहापैकी चार आयांना ती उदास वाटली. एक म्हणाली, "कुणाचं शिक्षण सुटलं काय?" मी दहावीनंतर शाळा सोडली तेव्हा माझी खुर्ची अशीच राहिली असेल, असं एकदम मनात आलं. कागद उलटा केला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

चपलांचं चित्र आणलं तेव्हा भाची मागे उभी राहून बोटं मोडत होती. नऊ जण म्हणाले, "आत बायका जमल्या आहेत," "आत काहीतरी चालू आहे." दोघी म्हणाल्या, दर्स असेल. आणि तिघांनी एकच शब्द उच्चारला, "मय्यत."

बरोबरच होतं. आपल्याकडे बंद दाराबाहेर चपलांचा ढीग म्हटलं की पहिल्यांदा काय आठवतं? चारही चित्रांत चपला अस्ताव्यस्त होत्या, मोठ्या होत्या, त्यात पुरुषांच्याही होत्या, आणि दार काळोखं. आम्ही दोघी ते चित्र तीन दिवस पाहत होतो, आणि आम्हाला ते एकदाही दिसलं नाही. भाचीचा चेहरा उतरला. "मग हे बाद," ती म्हणाली.

इथे मी तिच्याशी सहमत झाले नाही. मुलीच्या चित्राचा दोष कल्पनेतच होता. ड्रेस बदलून, खिडकी बदलून तो जाणार नव्हता. चपलांचा दोष तपशिलात होता. "आत माणसं आहेत, सोबत आहे" हा मुद्दा चौदाच्या चौदा जणांना पोचला होता. मय्यत म्हणणाऱ्यांनाही तोच पोचला होता. फक्त माणसं कशासाठी जमली ते चुकीचं कळत होतं. पहिल्या फेरीतून दिशा निवडायची असते. तेव्हा कुठला दोष दुरुस्त होईल आणि कुठला होणार नाही, हे पाहावं लागतं. सर्वांत कमी चुकांचं चित्र घेतलं असतं तर आमच्या हाती क्लासची जाहिरात आली असती.

दुसऱ्या फेरीत मूळ चपलांचं चित्र एका बाजूला तसंच ठेवलं आणि त्यात एका वेळी एकच बदल करून तीन नवी वाक्यं लिहिली. पहिल्यात फक्त चपला बदलल्या: "मुलींच्या छोट्या सँडल, भिंतीलगत एका रांगेत." दुसऱ्यात फक्त दार: "अर्धं उघडं, आतून पिवळा उजेड." तिसऱ्यात फक्त एक वस्तू वाढवली: "दाराशेजारी खुंटीला शाळेचं दप्तर." पुन्हा प्रत्येकाची चार.

चपलांची संख्या सांगण्याचा नाद लवकरच सोडला. "सहा जोड" लिहिलं की कधी साडेसात यायचे, म्हणजे एक सँडल एकटीच. एका चित्रात जोडीतल्या दोन्ही सँडल डाव्या पायाच्या होत्या. असले दोष मी दुकानात हाताने दुरुस्त करू शकते, म्हणून दिशा ठरवताना ते मोजायचे नाहीत असं ठरवलं. छापण्याआधी मात्र एकेक जोड बोट ठेवून तपासला.

या वेळी नवी माणसं शोधली, कारण ज्यांनी आधी पाहिलं होतं त्यांना उत्तर ठाऊक होतं. रांगेतल्या छोट्या सँडलनी मय्यत पूर्ण घालवली, एकानंही तो शब्द काढला नाही. उजेडानं दार जिवंत झालं. पण चपला ढिगात राहिल्या तिथे तेवढ्यानं भागलं नाही, कुणी लग्नघर म्हणालं. दप्तरानं "अभ्यास" हा शब्द पहिल्यांदा लोकांच्या तोंडून आणला. आधी कुणीच तो उच्चारला नव्हता. एक-एक बदल वेगळा केला नसता तर कुठल्या वस्तूनं काय काम केलं हे आम्हाला कधीच कळलं नसतं, आणि जागा कमी पडल्यावर आम्ही पहिल्यांदा दप्तरच काढून टाकलं असतं. ते एका कोपऱ्यात लहानसंच होतं.

मग तिन्ही एकत्र केले. वाटलं, आता झालं. पण एकत्र केल्यावर दप्तर बरोबर दाराच्या फटीपुढे आलं आणि उजेडच झाकला गेला. वेगवेगळे पास झालेले बदल एकत्र आल्यावर एकमेकांना अडवू शकतात, म्हणून ते मिश्रणही पुन्हा लोकांना दाखवावं लागलं. "दप्तर दाराच्या डावीकडे, उजेड उजवीकडच्या फटीतून" असं लिहून ते सुटलं.

त्या शेवटच्या चार चित्रांपैकी एकात रांगेच्या टोकाला, आम्ही न मागता, मोठ्या बाईच्या चपलांचा एक जोड आला होता. मी तो काढून टाकणार होते. तेवढ्यात एक आई, जिची मुलगी गेल्या वर्षी ऑक्टोबरनंतर यायची थांबली होती, ते पाहून म्हणाली, "म्हणजे आत कुणी मोठं माणूस असतं." आमच्या अकरा ओळींत देखरेखीच्या बाईंबद्दल दोन ओळी होत्या, त्या तिनं वाचल्या नव्हत्या. पुढच्या दोन आयांना मी मोठ्या चपला असलेलं आणि नसलेलं अशी दोन्ही चित्रं दाखवली. एकीला फरक जाणवला नाही, दुसरीनं तेच सांगितलं. त्यावरून ते सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण आयांच्या मनातला प्रश्न तोच होता हे मला माहीत होतं, म्हणून तो जोड ठेवला.

छपाईचं काम माझ्या हातचं. मोबाइलवरचं चित्र १०२४ बाय १५३६ ठिपक्यांचं होतं. १२ इंच रुंदीवर ते पसरलं की इंचाला जेमतेम ८५ ठिपके पडतात, आणि चांगल्या छपाईला आम्ही ३०० धरतो. सपाट रंगांचं चित्र मोठं करून घेतल्यावर चार फुटांवरून ते खटकत नाही. फोटोसारखं चित्र असतं तर दप्तराच्या कडा फाटक्या दिसल्या असत्या. अक्षरं वेगळी जुळवली असल्यामुळे ती मात्र धारदार आली.

एक चूक उशिरा सापडली. रंगीत प्रती आम्ही फक्त वीस छापणार होतो, बाकीच्या दुकानातल्या मशीनवर काळ्या-पांढऱ्या. पहिली झेरॉक्स काढली तर लाल भिंत आणि निळं दार एकाच राखाडी रंगाचे झाले, दार भिंतीत विरघळलं. ही परीक्षा पहिल्या फेरीतच घ्यायला हवी होती, एका कागदावर चार छोटी चित्रं टाकून एक झेरॉक्स, एवढंच. शेवटी भिंतीचा रंग फिकट केला. ते एका चित्रावर निभावलं म्हणून बरं.

मजकूर तीन ओळींचा ठेवला. "मुलींसाठी अभ्यासिका. रोज दुपारी २ ते साडेपाच. जमातीच्या हॉलमागे, निळं दार." फी नाही, हे खाली छोट्या अक्षरांत.

जुलैच्या पहिल्या जुम्याला पोस्टर लागलं, मशिदीच्या फळ्यावरही. त्याच दिवशी चाचांनी नमाजनंतर आपणहून अभ्यासिकेची सूचना दिली. त्यामुळे पुढच्या आठवड्यात ज्या नऊ मुली आल्या त्या पोस्टरमुळे आल्या की सूचनेमुळे, हे मी सांगू शकत नाही. भाची मला चिडवते, "खाला, शेवटी तुम्हीच एकदम दोन गोष्टी बदलल्या." महिनाअखेरीस बारा झाल्या. खुर्च्या अजून हॉलच्या जिन्याखाली आहेत.

परवा बाई सांगत होत्या, एक मुलगी रोज आली की आधी उंबऱ्याशी वाकून आपल्या सँडल भिंतीलगत सरळ रांगेत लावते. बाकीच्या अजून ढीगच करतात.